'तसंच म्हणा सर'

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एचआरचं काम करता करता माझी बरीच वर्षं गेली. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाशी आम्ही शेवटचं बोलतो, त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. त्याच्या परवानगीने ते रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून वर पाठवायला एक पानाचा सारांश लिहायचा. हे एक पान किती सहज चुकतं, ते आज सांगतो.

गंगापूरकडून येणारा एक क्वालिटी इन्स्पेक्टर होता, चार वर्षं काम केलेला. राजीनाम्यात त्याने 'घरगुती कारण' लिहिलं होतं. आमच्याकडचे निम्मे राजीनामे त्याच दोन शब्दांचे असतात म्हणा. रेकॉर्डिंग ४२ मिनिटांचं होतं. माझ्या हाताखालच्या नव्या मुलाने ते ऐकलं आणि लिहून आणलं, 'सोडण्याचे कारण : कमी पगार.'

मी रेकॉर्डिंग लावलं. तिसऱ्या मिनिटाला आमचाच माणूस विचारतो, "म्हणजे पगार कमी पडत होता ना?" क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "हां, तसंच म्हणा सर."

आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात 'तसंच म्हणा' म्हणजे होकार असतो का? तुम्ही म्हणताय तर वाद कशाला घालू, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्याचा हिशोब अजून निघायचा होता. अशा वेळी माणूस साहेबाचं वाक्य खोडत नाही.

म्हणून मी एक रीत ठेवली आहे. पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून सगळं ऐकायचं. दुसऱ्यांदा वहीत तीन रकाने आखायचे : कितवं मिनिट, त्याचे शब्द जसेच्या तसे, आणि तो विषय आधी कुणी काढला, त्याने की आपण. खरी उकल या तिसऱ्या रकान्यात होते. पगाराचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा आमच्याकडून. शिफ्टचा त्याने स्वतः तीनदा काढला. सोमवारची शिफ्ट शनिवारी संध्याकाळी कळायची, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर गावाकडे जायला गाडी नसायची. एकोणतिसाव्या मिनिटाला तो म्हणतो, "माझ्या सहीवर दुसऱ्याचा माल पास केला, अन् रिजेक्शन आलं तर बोलणं मला. जाऊ द्या." हे 'जाऊ द्या' आलं की मी रेकॉर्डिंग थांबवून मागे घेतो. नेमकं सांगायचं असतं तिथेच आपली माणसं 'जाऊ द्या' म्हणतात.

आणखी एक प्रश्न कामाचा असतो : दुसरी नोकरी कधीपासून शोधायला लागलात? त्याने सांगितलं, दिवाळीनंतर. पगारवाढ आमच्याकडे एप्रिलमध्ये होते; रिजेक्शनचं प्रकरण दिवाळीच्या आठवड्यातलं. नव्या ठिकाणी १,२०० रुपये जास्त होते, पण त्यातले ९०० जाण्यायेण्यातच जाणार होते. पगार हे कारण नव्हतंच असं मी म्हणत नाही. पण ते पहिल्या ओळीत बसत नाही.

मग मी लिहिलं : 'मुख्य कारण, रिजेक्शनची जबाबदारी अन्यायाने आपल्यावर आली असे त्यांना वाटते. ही एकच बाजू आहे. रिजेक्शन रजिस्टरशी पडताळणी बाकी. दुसरे कारण, शिफ्ट उशिरा कळणे. पगाराचा उल्लेख विचारल्यावर केला.' ज्याच्याबद्दल ही तक्रार होती, त्या सुपरवायझरचं नाव लिहिलं नाही, कारण त्याचं म्हणणं आम्ही अजून ऐकलेलं नव्हतं. गंगापूरही लिहिलं नाही. खात्यात इन्स्पेक्टर तीनच. गावाचं नाव आलं की माणूस कोण ते कॅन्टीनमध्येसुद्धा कळतं. खात्यावरून अंदाज बांधता येतोच, ते पूर्ण टाळता येत नाही. म्हणून ही माहिती कोण वाचणार, हे रेकॉर्डिंग सुरू करतानाच सांगून टाकावं.

सूचनांच्या बाबतीत आमचा हात जास्त सैल सुटतो. त्याने दोनच सूचना केल्या होत्या : शिफ्टचा तक्ता गुरुवारपर्यंत लावा, आणि माल पास करताना ऑपरेटरचीही सही घ्या. आमच्या मुलाने तिसरी जोडली, 'कंपनीची बस गावापर्यंत न्यावी.' कल्पना वाईट नाही, पण ती त्याची नाही. ती 'एचआरचे मत' अशा वेगळ्या मथळ्याखाली गेली. ट्रेनिंग चांगलं मिळालं, असंही तो म्हणाला होता. तेही लिहिलं, नुसत्या तक्रारी उचलल्या तर बोलणाऱ्याचा सूरच बदलतो.

शेवटच्या दिवशी तो हिशोबाचे कागद न्यायला आला, तेव्हा ते पान मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'सुपरवायझरशी वाद झाला.'

"सर, वाद नाही झाला," तो म्हणाला. "म्या काही बोललोच नाही."

ती ओळ मी खोडली आणि त्याचे शब्द लिहिले.