पंधरा दिवस कशाचे? फेरफाराची नोटीस साध्या मराठीत

नमस्कार श्रोतेहो. आज एका कागदाबद्दल बोलणार आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरात तो कधी ना कधी येतो. त्यातला मजकूर साधारण असा असतो. जरा लक्ष देऊन ऐका.

"ज्याअर्थी उपरोक्त मौजे येथील अधिकार अभिलेखासंबंधी खालील अनुसूचीत नमूद केलेली नोंद फेरफार नोंदवहीत घेण्यात आलेली आहे, आणि ज्याअर्थी सदर फेरफारात आपला हितसंबंध असल्याचे अभिलेखावरून दिसून येते, त्याअर्थी आपणांस सूचित करण्यात येते की, सदर नोंदीबाबत आपली काही हरकत असल्यास ती ही सूचना प्राप्त झाल्यापासून पंधरा दिवसांचे आत तोंडी अथवा लेखी निम्नस्वाक्षरीकाराकडे दाखल करावी. विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास सदर नोंदीस आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल."

ही झाली फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 150 खाली ती निघते. माझी नोकरी महसूल खात्यात गेली. अशा नोटिसा मी स्वतः वाटल्या आहेत आणि त्या हातात घेऊन ओटीवर बसलेल्या माणसांचे चेहरेही पाहिले आहेत. देवगड तालुक्यातल्या एका काकूंनी अशी नोटीस माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "माका करूचा काय आसा, तेवढा सांग."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं, पण असं की ते त्यांना सापडू नये. म्हणून काकूंची नोटीस आपण उलगडून पाहू.

काकूंचे यजमान आणि त्यांचे भाऊ, म्हणजे काकूंचे दीर, यांची जमीन सामाईक. यजमान आधीच गेले, म्हणून सातबाऱ्यावर काकूंचं नाव होतं आणि शेजारी दिरांचं. क्षेत्र शून्य हेक्टर बारा आर चाळीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वाबारा गुंठे. आता दीर वारले होते. त्यांच्या जागी त्यांची बायको आणि दोन मुलगे अशी तीन नावं लावायचा अर्ज झाला आणि तलाठ्याने फेरफार नोंदवहीत तशी नोंद धरली. जमिनीत काकूंचाही हिस्सा, म्हणून कायद्याप्रमाणे त्यांना नोटीस आली.

खरी गोम पुढे आहे. दिरांना एक मुलगीही होती, लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली. अर्जात तिचं नाव नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, लग्न झालं म्हणून तो जात नाही. पण तिला नोटीस जाणार कशी? तिचं नाव ना सातबाऱ्यावर, ना अर्जात. ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती आणि ज्यांच्या हातात कागद होता, त्या एकट्या काकू. त्यांना तो कळला असता, तर त्यांनी त्याच संध्याकाळी पुतणीला फोन केला असता. नोटीस सहहिस्सेदारांना देण्याचा उपयोग असतो तो इथे.

आता हा कागद साधा करायचा तर सुरुवात कुठून करावी? बरेच जण अवघड शब्दांपासून करतात. 'उपरोक्त'च्या जागी 'वरील', 'सदर'च्या जागी 'ही'. शब्द बदलतात, पण नोटीस होती तितकीच अवघड राहते, कारण माणसाला लागणाऱ्या गोष्टींचा क्रम तोच असतो. काकूंना पहिल्यांदा हवं असतं ते हे, की हा कागद मला का आला. मग, काय घडलंय. मग, मला काही करायचं आहे का. करायचं असेल तर कुठे, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय होईल. मूळ नोटिशीत यातल्या जवळजवळ सगळ्याची उत्तरं एकाच वाक्यात कोंबलेली आहेत, आणि करायचं काय हे त्या वाक्याच्या पोटात, 'त्याअर्थी'च्या पुढे कुठेतरी येतं.

मी काकूंसाठी जो मजकूर लिहिला तो असा होता.

"या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला दिलं आहे. याच जमिनीचे एक हिस्सेदार वारले. त्यांच्या जागी पत्नी आणि दोन मुलगे अशी तीन नावं लावण्याची नोंद आम्ही केली आहे. ती अजून पक्की झालेली नाही.

नावं बरोबर आहेत का पाहा. कोणी वारस राहिला आहे का, मुलगी किंवा बहीणसुद्धा, तेही पाहा.

सगळं बरोबर असेल तर तुम्हाला काहीही करायचं नाही. कुठेही जायचं नाही.

काही चुकलं असेल तर हरकत सांगा. ती लिहून देता येते, आणि तोंडीही सांगता येते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, यांच्याकडे सांगा. हरकत घेतल्याची लेखी पोच त्यांनी तुम्हाला लगेच द्यायची आहे. ती मागून घ्या.

हरकतीची शेवटची तारीख: ________.

या तारखेपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर तुम्हाला नोंद मान्य आहे असं धरलं जाईल आणि मंडळ अधिकारी ती पक्की करतील."

यातल्या दोन-तीन जागांवर थोडं थांबतो.

पहिली जागा तारखेची. मूळ नोटिशीवर वर एक तारीख छापलेली असते, ती नोटीस काढल्याची. पंधरा दिवस तिथून मोजायचे नसतात, नोटीस हातात पडली त्या दिवसापासून मोजायचे असतात. समजा 3 जूनला मिळाली, तर तो दिवस सोडून मोजायचं, आणि शेवटचा दिवस येतो 18 जून. हा हिशेब काकूंनी करावा अशी अपेक्षा कशाला? नोटीस देणाऱ्याने देतानाच त्या रिकाम्या जागेत '18 जून' लिहावं आणि आपली सही करावी. लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि पुढची कितीतरी भांडणं टळतात.

दुसरी जागा तोंडी हरकतीची. कलम 150 मध्ये स्पष्ट आहे की हरकत तोंडी असली तरी तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिली पाहिजे आणि त्याची लेखी पोच तिथल्या तिथे दिली पाहिजे. मूळ नोटिशीत हे 'तोंडी अथवा लेखी' एवढ्या तीन शब्दांत येऊन जातं आणि पोचीबद्दल तर अवाक्षर नसतं. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही अशा माणसांसाठी कायद्याने ही सोय ठेवलेली, आणि नेमकी तीच त्यांना दिसत नाही. नोटीस सोपी करताना लिहिणारे लोक कधी कधी मजकूर आटोपशीर व्हावा म्हणून 'लेखी हरकत द्या' असं करून टाकतात. तेव्हा मजकूर आटोपशीर होतो आणि माणसाचा हक्क कापला जातो. असं सोपं करणं नको.

तिसरी जागा 'काहीही करायचं नाही' या वाक्याची. माझा पहिला खर्डा मी शेजारच्या एका गृहस्थांना वाचायला दिला, तेव्हा त्यात हे वाक्य नव्हतं. मी त्यांना 'कळलं का' असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच 'हो' म्हणतात. मी विचारलं, "आता तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "सोमवारी जाऊन संमतीची सही करून येईन." म्हणजे रिक्षाचं भाडं गेलं, एक दिवस बुडाला, आणि कामही काही नाही. त्या उत्तरानंतर हे वाक्य आलं. कुठलीही सरकारी सूचना साधी करणाऱ्याने असं कोणाला तरी वाचायला द्यावं आणि 'काय कराल' एवढंच विचारावं. चूक कुठे आहे ते लगेच दिसतं.

एक वाक्य मात्र मला घालायचा मोह होऊनही मी घातलं नाही. "तुमच्या हिश्श्याला धक्का लागत नाही." काकूंच्या बाबतीत ते खरं होतं. पण तोच छापील कागद खरेदीखताच्या किंवा वाटणीच्या फेरफाराला जोडला गेला तर ते खोटं ठरू शकतं. धीर देण्यासाठी लिहिलेलं वाक्य माणसाला बेसावध करत असेल, तर ते नकोच.

आणि मूळ नोटीस फेकून द्यायची नाही. तिचा नमुना नियमांनी ठरवलेला आहे, तलाठ्याला तो आपल्या मनाने बदलता येत नाही. म्हणून साधा मजकूर वेगळ्या पानावर लिहून नोटिशीला टाचायचा. फेरफार क्रमांक, गट किंवा हिस्सा नंबर आणि कलम दोन्हीकडे सारखंच ठेवायचं, म्हणजे पुढे कचेरीत कोणी विचारलं तर कागद जुळतात. तलाठ्याकडे एका सजात अनेक गावं असतात आणि तो रोज एकाच ठिकाणी बसत नाही. तेव्हा कुठल्या वारी कुठे भेटेल तेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे, नाहीतर पंधरातले चार दिवस फेऱ्यांतच जातात.

काकूंच्या पुतणीचं पुढे काय झालं? मुदतीचे थोडे दिवस हाती असताना ती गावी आली आणि तिने हरकत दिली. हरकत आली की नोंद आपोआप पक्की होत नाही. दोन्ही बाजूंना बोलावून सुनावणी होते आणि मग निर्णय होतो. तिचं नाव चौथं म्हणून लागलं. निर्णय उलटा गेला असता तर तिला 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करता आलं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. ती चूक असल्याचं सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण मालकी कोणाची याचा शेवटचा निवाडा दिवाणी न्यायालयच करतं. म्हणून पंधरा दिवस हुकले तरी वारसाचा हक्क बुडत नाही. मात्र जे काम गावात एका हरकतीने झालं असतं, त्यासाठी मग वर्षानुवर्षं वकील आणि तारखा.

मुंबई-पुण्याला राहणाऱ्या श्रोत्यांना, आणि ज्यांची भावंडं तिकडे आहेत त्यांना, आणखी एक सांगतो. गावचं घर बंद असेल तर नोटीस दाराशीच राहते. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाची सोय आहे. जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की त्या गावात सध्या कुठले फेरफार चालू आहेत ते दिसतं. आपल्या गावचं पान महिन्यातून दोनदा उघडून पाहा, म्हणजे पंधरा दिवसांची मुदत नकळत उलटणार नाही. तिथे आपल्या गट नंबरावर काही दिसलं, तर फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि गावात जे कोणी आपलं आहे त्याला फोन करून चावडीवर पाठवा.