विश्रांतीची नाडी: हजारांचा आकडा आणि एकट्याचा

आज बोलायचं आहे नाडी आणि हृदयाच्या धोक्याबद्दल. पण आधी नाडी मोजण्याबद्दल बोलू द्या, कारण खरी गफलत तिथेच होते.

बहुतेक जण पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. त्यात एक ठोका चुकला की उत्तर चाराने चुकतं. दुसरी चूक याहून छुपी आहे. घड्याळ सुरू करताना लागलेला पहिला ठोका ‘एक’ म्हणून धरला, तर एक ठोका उगाच वाढतो. तो ‘शून्य’ धरायचा. समोर बसलेल्यांपैकी कितीजण ‘एक’पासून सुरू करतात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त! आता घरी गेल्यावर तुमची नाडी औषधाविनाच चाराने उतरेल.

पाच मिनिटं शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. मग अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच धडधड जाणवते. असं निदान पाच-सहा दिवस, एकाच वेळी करा आणि मधला आकडा धरा. ताप, अपुरी झोप, भीती यांनी आकडा चढतो. बीटा ब्लॉकर गटाच्या औषधांनी उतरतो. ठोके अनियमित असतील तर आकडा बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा.

वेळ संपत आलीय, म्हणून कबूल केलेला मुद्दा आता थोडक्यात सांगतो. 2016 साली 46 अभ्यास एकत्र करून, साडेबारा लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली गेली. विश्रांतीची नाडी दर दहा ठोक्यांनी जास्त, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी जास्त, असं दिसलं. समजा, 68 नाडीच्या एक हजार माणसांत दहा वर्षांत असे 50 मृत्यू होतात. मग बाकी सारं सारखं असलेल्या, 78 नाडीच्या हजारांत 54 होतील. ते जादाचे चार कोण, हे नाडी सांगत नाही. उरलेले 946 जण वाचले आहेतच.

आणि नाडी उतरवली की धोका उतरतो का? 2014 च्या सिग्निफाय चाचणीत स्थिर हृदयविकाराच्या, पण हार्ट फेल्युअर नसलेल्या रुग्णांना इव्हाब्रॅडिन दिलं. नाडी सुमारे दहानं उतरली, हृदयाचे झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत त्याच औषधाचा फायदा 2010 च्या शिफ्ट चाचणीत दिसला होता. म्हणजे बऱ्याचदा वाढलेली नाडी ही कमी तंदुरुस्ती, रक्तक्षय, थायरॉइड अशा कशाची तरी खूण असते; शोध त्या कारणाचा घ्यायचा.

म्हणून एकट्यासाठी उपयोगाची गोष्ट ही: तुमची नेहमीची 64 काही आठवडे विनाकारण 80 वर टिकली, विश्रांतीतच शंभरच्या वर राहू लागली, किंवा पन्नासच्या खाली जाऊन चक्कर येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत फक्त आजचा नव्हे, त्या पाच-सहा दिवसांचे आकडे न्या.