टीव्हीला कुठलं वाय-फाय जोडायचं?

मंडळी, टीव्हीच्या सेटिंगमध्ये वाय-फायची यादी उघडली की तुमच्याच घरची दोन नावं दिसतात. एक साधं, दुसऱ्याच्या शेवटी `5G` लिहिलेलं. पहिलं २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, दुसरं ५ वर. दुसरं भारी असणार असं धरून बहुतेक जण तेच जोडतात. काही घरांत ते बरोबर ठरतं, काही घरांत त्याच्यामुळेच रोज मॅच अडकते.

आधी एक हिशोब करू. टीव्हीला लागतं किती? साध्या एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट, फोर-केला १५ ते २५. म्हणजे ५ वाल्याचा तीनशे-चारशेचा वेग टीव्हीला कधी लागतच नाही. फोनवर मोठी फाइल उतरवताना तो कामाचा, पण सिनेमा बघताना नाही. टीव्हीला हवं ते सलग मिळणं. पंचवीस मेगाबिट न तुटता मिळाले तर तो खूश असतो. दोनशे मिळून मध्येच काही सेकंद काहीच आलं नाही, तर पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं. सिनेमाचा पुढचा थोडा भाग टीव्ही आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे छोटा खंड खपून जातो. लाइव्ह मॅचला पुढचं साठवायला काही नसतंच, म्हणून दुखणं आधी तिथे दिसतं.

आता दोन्हींचा स्वभाव बघा. ५ ची लहर आखूड, जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. २.४ ची साडेबारा. मोकळ्या जागेत, तितक्याच अंतरावर आणि तितकीच ताकद सोडली तरी ५ चा सिग्नल आपल्या अँटेनाला साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच मिळतो. मध्ये भिंत आली की ती आणखी खाते, आणि ५ ला जास्त खाते. पण हाच तोटा दुसऱ्या बाजूनं फायदा असतो, तो पुढे सांगतो.

अमळनेरकडच्या एका धाब्याच्या घराचं उदाहरण घेतो. राउटर ओसरीत, कारण फायबरची वायर तिथवरच आली. टीव्ही माजघरात. मध्ये दोन फुटी मातीची भिंत. हिवाळ्यात ५ वर टीव्ही झकास चालायचा. एप्रिल लागला आणि अडकायला लागला. घरचे म्हणाले, कंपनीनं स्पीड कमी केला. राउटरशेजारी फोन धरून वेग मोजला, तर पूर्ण मिळत होता. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक होतं, घोळ घरातच होता. हे मोजमाप सगळ्यात आधी करा. राउटरजवळच वेग कमी असेल, तर बँड, म्हणजे हा २.४ किंवा ५ चा पट्टा, बदलून काही होणार नाही.

मग फोन टीव्हीला चिकटवून धरला आणि वाय-फाय अॅनालायझर हे अॅप उघडलं. त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ८० म्हणजे मरायला टेकलेला, आणि दर दहा आकड्यांनी ताकद दहापट घटते. माजघरात ५ चा आकडा उणे ८० होता, २.४ चा उणे ६५. आणि माजघराच्या दारात उभा होता कूलर. पत्र्याचा, टाकी काठोकाठ भरलेली. हिवाळाभर ५ चा सिग्नल भिंतीतून येतच नव्हता, तो उघड्या दारातून येत होता! पत्रा त्याला परतवतो, पाणी शोषून घेतं. कूलर बाजूला सरकवला तर ५ चा आकडा उणे ७० वर आला. पण एप्रिलात आपल्याकडे कूलर कोण हलवणार? टीव्ही २.४ वर टाकला आणि एचडी मॅच निवांत चालली.

माझा ठोकताळा असा: टीव्हीच्या जागी ५ चा आकडा उणे ६७ किंवा त्याहून बरा असेल तर ५ लावा. त्याच्या खाली गेला तर २.४ चा विचार करा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो, त्याचा अँटेना पॅनेलच्या मागे असतो, म्हणून फोनला दिसतं त्याच्यापेक्षा टीव्हीला थोडं कमीच मिळतं असं धरून चाला.

आता उलटं उदाहरण, जळगाव शहरातल्या फ्लॅटचं. राउटर आणि टीव्ही एकाच हॉलमध्ये, २.४ वर सगळे दांडे भरलेले, तरी रात्री नऊला चित्र धुरकट. दुपारी मात्र ठणठणीत. दांडे फक्त ताकद सांगतात, गर्दी सांगत नाहीत. २.४ मध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. त्या तिघांवर वरचा, खालचा, समोरचा असे सगळे शेजारी, त्यांचे कॅमेरे, स्मार्ट बल्ब. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात. टीव्हीला ब्लूटूथ साउंडबार जोडलाय आणि आवाज तुटतोय, तर तेही एक कारण असू शकतं. ५ मध्ये चॅनेल पुष्कळ, आणि मघाशी म्हटलं तो फायदा इथे दिसतो: भिंती शेजाऱ्याचाही ५ अडवतात. म्हणून त्या फ्लॅटमध्ये ५ लावल्यावर रात्रीचा धुरकटपणा गेला.

तेव्हा कधी अडकतं ते बघा. ठराविक वेळीच अडकत असेल तर गर्दीचा संशय घ्या. दिवसभर, दार लावलं की किंवा काही हलवलं की अडकत असेल तर सिग्नल न पोचण्याचा.

२.४ वरच राहावं लागणार असेल, तर राउटरमध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० केलं की आकडा मोठा दिसतो, पण तुम्ही पट्ट्याचा मोठा भाग व्यापता आणि सगळ्यांच्या गोंगाटात सापडता.

एक प्रश्न हमखास येतो: फोनला ५ चं नाव दिसतं, टीव्हीला दिसतच नाही, टीव्ही बिघडला का? टीव्ही जुना असेल तर त्यात फक्त २.४ असू शकतं. नवा असेल तर चॅनेल बघा. ५ मधले ५२ ते १४४ हे बहुतेक चॅनेल रडारच्या वाट्याचे आहेत. तिथे राउटरनं आधी किमान मिनिटभर ऐकायचं, रडार जाणवलं की जागा सोडायची. काही टीव्ही हे चॅनेल वापरतच नाहीत. राउटरला ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल द्या आणि रुंदी ८० ठेवा. १६० केली तर ती पुन्हा रडारच्या भागात घुसते.

दोन्हींना एकच नाव असेल तर बँड कुठला हे टीव्ही आणि राउटर आपापसात ठरवतात, आणि टीव्ही एकदा चिकटला की सहसा हलत नाही. म्हणून नावं वेगळी ठेवा. फोन ५ वर आणि टीव्ही २.४ वर असला तरी घरचा राउटर एकच असेल तर कास्टिंग सहसा चालतं. गेस्ट नेटवर्कवर मात्र अडतं.

आणि मागच्या रांगेतून कुणी विचारलं, वायरच टाकली तर? टाका की. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, पण फोर-केला तेवढं भरपूर होतं. मातीच्या भिंतीला भोक पाडायची घरच्यांची तयारी मात्र हवी.