पाळी थांबली म्हणजे नक्की काय थांबलं?

(दादर इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणींच्या पर्समध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठीची एक छोटी गोळी असणार, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल. दोन्ही रोज एकच घ्यायची, दोन्ही कमीत कमी पाच वर्षं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हे एकाच औषधाचे दोन ब्रँड आहेत. तसं नाही. हा फरक एका पेशंटच्या गोष्टीतून सांगतो, कारण मला तो तिच्याकडूनच सगळ्यात नीट कळला.

लालबागच्या एक बाई, वय 46. स्तनातली गाठ, काखेतल्या दोन गाठींमध्ये कॅन्सर, रिपोर्टवर ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ बाईच्या हार्मोनवर वाढणारी, आणि हर-टू निगेटिव्ह. ऑपरेशन झालं, केमो झाली. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर पाळी थांबली, ती आलीच नाही. रेडिएशन संपल्यावर दुसरीकडे त्यांच्या फाइलवर 'पाळी बंद' असं लिहून लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम सुरू झालं. सात महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन नव्हे. म्हणाल्या, "डॉक्टर, आता बरं वाटतंय. अंगातल्या वाफा गेल्या, बोटं दुखायची थांबली. मागच्या आठवड्यात पाळीही आली." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि माझ्या पोटात गोळा आला.

ईआर पॉझिटिव्ह गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनसाठी बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेन तिथे बसलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. लोकलमध्ये कुणी रुमाल टाकून जागा धरतं ना, तसं टॅमॉक्सिफेन ती जागा धरून बसतं. इस्ट्रोजेन शरीरात फिरत राहतं, पण त्याला बसायला मिळत नाही. म्हणून हे औषध पाळी चालू असो वा बंद, दोन्हीकडे चालतं.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या अ‍ॅरोमाटेज इनहिबिटर गोळ्या जागेला हातच लावत नाहीत, त्या इस्ट्रोजेन तयार होणंच अडवतात. पाळी कायमची गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतात. उरतं ते चरबी, स्नायू आणि त्वचेत अ‍ॅरोमाटेज या एन्झाइमकडून थोडं थोडं बनणारं. ते एन्झाइम बंद केलं की इस्ट्रोजेन जवळपास संपतं. पण ओव्हरी जागी असेल तर? इस्ट्रोजेन कमी झालेलं मेंदूला कळतं, तो ओव्हरीला आणखी जोराने काम करायला सांगतो, आणि गोळी त्या जोरापुढे पुरी पडत नाही. हीच लेट्रोझोलची गोळी स्त्रीरोगतज्ज्ञ मूल हवं असलेल्या बायकांना पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात, अंडं तयार व्हावं म्हणून. माझ्या पेशंटच्या बाबतीत नेमकं तेच घडत होतं. रक्तातलं इस्ट्राडायोल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, तपासलं, ते पाळी चालू असलेल्या बाईइतकं निघालं.

केमोनं थांबलेली पाळी चाळिशीतल्या बाईत परत येऊ शकते, कधी वर्षभरानंतरही. त्यामुळे तशी थांबलेली पाळी म्हणजे रजोनिवृत्ती धरायची नाही. दोन्ही ओव्हरी काढल्या असतील, वय 60 च्या पुढे असेल, किंवा केमो वा टॅमॉक्सिफेन चालू नसताना सलग वर्षभर पाळी आली नसेल आणि रक्ताचे रिपोर्टही तेच सांगत असतील, तर ती गेली म्हणायचं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते. "माझी पिशवी काढलीय," असं बाई सांगते आणि सगळे समजतात, विषय संपला. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढलं की रक्तस्राव थांबतो, पण ओव्हरी ठेवल्या असतील तर त्या चालूच असतात, आणि पाळी परत आल्याची खूणसुद्धा दिसत नाही. ऑपरेशनचा जुना कागद शोधा, त्यावर ओव्हरी काढल्या की ठेवल्या ते लिहिलेलं असतं. आणि लेट्रोझोल चालू असताना पन्नाशीच्या आतल्या बाईला थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.

मग दोन्हींतलं कुठलं चांगलं? पाळी खरोखर गेलेल्या बायकांमध्ये अ‍ॅरोमाटेज इनहिबिटर उजवं ठरतं. 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू टॅमॉक्सिफेनवर सुमारे 14 टक्के होते आणि या गोळ्यांवर सुमारे 12. म्हणजे शंभरात दोघींचा फरक. फरक खरा आहे, पण ज्या बाईला ही गोळी सोसत नाही तिने टॅमॉक्सिफेन घेतलं तर ती उघड्यावर पडत नाही. वाईट काय, तर त्रास होतो म्हणून कुणाला न सांगता गोळी सोडणं.

दुष्परिणामही औषधाच्या स्वभावातूनच येतात. टॅमॉक्सिफेन स्तनात जागा अडवतं, पण गर्भाशयात आणि हाडांत स्वतःच थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून पाळी गेलेल्या बाईची हाडं ते सांभाळतं, पण गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. त्याच अभ्यासात गर्भाशयाचा कॅन्सर दहा वर्षांत टॅमॉक्सिफेनवर 1.2 टक्के बायकांना झाला, दुसऱ्या बाजूला 0.4 टक्के. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं तर तपासणी हवीच. पण काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेऊ नका. या औषधावर अस्तर सोनोग्राफीत जाड दिसतंच, आणि मग अस्तर खरवडून काढायचं क्युरेटिंग विनाकारण होतं. एका पोटरीला अचानक सूज, दुखणं किंवा दम लागणं ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते, तेव्हा मात्र सकाळची वाट पाहायची नाही. आणि अंगातल्या वाफांसाठी किंवा उदासीसाठी कुणी पॅरोक्सेटिन वा फ्लुओक्सेटिन लिहिलं तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांगा. ती औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात होणारं रूपांतर अडवतात. वेन्लाफॅक्सिन तिथे चालतं.

अ‍ॅरोमाटेज इनहिबिटरचा त्रास इस्ट्रोजेन नसण्याचा आहे. सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात, योनीमार्ग कोरडा पडतो, हाडं विरळ होतात. सुरू करतानाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायचा, व्हिटॅमिन डी तपासायचं, गरज पडली तर हाडं सांभाळणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सहा महिन्यांनी एकदा द्यायचं. कोरडेपणाबद्दल बायका बोलतच नाहीत. बोला. साधं वंगण जेल मेडिकलमध्ये मिळतं. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगतो. लेट्रोझोल थांबवलं, टॅमॉक्सिफेन 20 मिलिग्रॅम सुरू केलं आणि ओव्हरी शांत करायला गोसेरेलिनचं 3.6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी. काखेत गाठी होत्या, म्हणून नुसत्या टॅमॉक्सिफेनवर ठेवायचं नव्हतं. पण इंजेक्शनची तारीख चुकवून चालत नाही आणि त्यांना दर महिन्याला सुट्टी मिळेना. चार महिन्यांनी त्यांनीच विचारलं, "काढूनच टाकल्या तर?" दुर्बिणीने दोन्ही ओव्हरी काढल्या, मग लेट्रोझोल पुन्हा सुरू केलं. दोन महिन्यांत बोटं परत आखडली, इतकी की भाकरी थापता येईना. तीन आठवडे गोळी बंद ठेवली, मग एक्झेमेस्टेन 25 मिलिग्रॅम दिलं, सोबत रोज अर्धा-पाऊण तास चालणं. दुखणं पूर्ण गेलं नाही. पण सकाळी हात गरम पाण्यात पाच मिनिटं धरले की भाकरी थापता येते, असं त्या परवाच्या तपासणीला सांगत होत्या.