‘६०० वॅट, १३ एमएम’ एवढंच लिहून भागत नाही
(नाशिकमधल्या हार्डवेअर विक्रेत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, या टेबलावरच्या ड्रिल मशीनच्या खोक्यावर लिहिलंय: ६०० वॅट, १३ एमएम चक, ० ते २८०० आरपीएम, हॅमर मोड. आपण आपल्या यादीत, मोबाईलवरच्या जाहिरातीत हेच उतरवून काढतो. आकडे खरे असतात, पण गिऱ्हाईक त्यांचा अर्थ वेगळाच लावतं.

आधी वॅट. ६०० वॅट म्हणजे मशीन लाइनमधून किती वीज खेचतं ते. बिटच्या टोकाला त्यातला साधारण निम्मा जोर पोचतो. उरलेल्याची मोटरमध्ये आणि गिअरमध्ये उष्णता होते. दुसरं, चक. १३ एमएम चक म्हणजे त्यात १३ एमएमपर्यंतचा बिट पकडता येतो. लोखंडात १३ एमएमचं भोक पडेलच असा त्याचा अर्थ नाही. या वर्गातल्या बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत लोखंडासाठी १० एमएम, काँक्रीटसाठी १३ आणि लाकडासाठी २० ते २५ एमएम अशी वेगवेगळी मर्यादा दिलेली असते. माझ्या मते वर्णनातली पहिली ओळ हीच असायला हवी. वॅटचा आकडा तिच्या खाली.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. अंबडमधला एक फॅब्रिकेटर येतो. त्याला ८ एमएम जाडीच्या प्लेटमध्ये १० एमएमची चाळीसेक भोकं पाडायची आहेत. साध्या लोखंडात एचएसएस बिटची धार मिनिटाला साधारण २५ मीटर वेगानं फिरावी, असा वर्कशॉपमधला हिशेब आहे. १० एमएमच्या बिटसाठी तो वेग सुमारे ८०० आरपीएम येतो. आपलं मशीन पूर्ण दाबलं तर २८०० पर्यंत जातं, म्हणजे धारेचा वेग मिनिटाला जवळजवळ ८८ मीटर! दोन-तीन भोकांतच टोक निळं पडतं, बिट कापायचं सोडून घासायला लागतो आणि माणूस अंगाचा भार टाकतो. मग तो दुकानात येऊन म्हणतो, ‘बिट बोगस दिला.’ बिट बरा होता, वेग चुकला होता.

मग ट्रिगर कमी दाबून ८०० वर चालवावं? थोडा वेळ चालेल. पण मोटरला गार करणारा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू फिरली की वारा कमी पडतो आणि भार मात्र तेवढाच राहतो. चाळीस भोकं सलग मारली तर आर्मेचरचं वार्निश जळायला लागतं. आधी तिखट जळका वास येतो, मग कार्बनजवळ ठिणग्यांचं कडं दिसतं. तो वास आला की काम थांबवायचं. बिट बाहेर काढून मशीन रिकामं, पूर्ण वेगात एक-दोन मिनिटं चालवायचं, म्हणजे आतली उष्णता निघून जाते. या गिऱ्हाइकाला मी हे मशीन देणारच नाही. दोन गिअरचं, कमी वेगाचं ड्रिल दाखवीन. तेही नको असेल तर सांगीन: पंच मारा, ४ एमएमचं पायलट भोक पाडा, मग १० चा बिट लावा, कटिंग ऑइल वापरा आणि मधे मधे थांबा.

हॅमर मोडबद्दलही स्पष्ट लिहा. विटेच्या भिंतीला तो पुरेसा आहे. स्लॅब, बीम किंवा आपल्याकडच्या काळ्या दगडात रोज भोकं पाडायची असतील तर एसडीएस चकचं रोटरी हॅमर लागतं, कारण त्यात पिस्टनचा खरा ठोका बसतो. इथे दातेरी चकत्या एकमेकींवर घासून नुसता थरथराट होतो.

खोक्यात काय काय आहे हे लिहिताना ‘शंभर पीस’ या आकड्यापेक्षा साइड हँडल, चकची चावी, डेप्थ गेज आहेत का ते सांगा. बिट धातूचे किती, भिंतीचे किती, तेही सांगा. साइड हँडल आवर्जून लिहा आणि गिऱ्हाइकाला बसवून दाखवा. भोक आरपार जाताना बिट पत्र्याच्या कडेला अडकला की मशीन मनगटासकट फिरतं. त्याच जागी सुती हातमोजा बिटमध्ये गुंडाळला गेला तर बोट जातं, म्हणून फिरत्या बिटपाशी सैल हातमोजा नको, गॉगल मात्र हवाच. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंगची पिन नसते. तरीही ओल्या भिंतीवर किंवा पावसात ते वापरायचं नाही.

राहिली वॉरंटी. नुसतं ‘सहा महिने’ लिहिलं की गिऱ्हाईक जळालेलं आर्मेचर घेऊन आपल्याकडेच येतं. कार्बन, चक, वायर, बिट हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतात. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही सारखेच काळे पडलेले दिसले की सर्व्हिसवाला ओव्हरलोड समजतो आणि दावा नाकारतो. कंपनीच्या कार्डावर व्यावसायिक वापर वगळला असेल तर तो शब्द आपल्या वर्णनातही यायला हवा. म्हणून या खोक्यासाठी मी असं लिहीन: ‘घरगुती व किरकोळ कामासाठी. लोखंड १० एमएम, विटेची भिंत १३ एमएम. सलग जड काम नको, गरम झाल्यास रिकामं चालवून गार करावं. स्लॅबसाठी नाही. वॉरंटी उत्पादनदोषाला, जळालेल्या मोटरला नाही. बिल जपून ठेवावं.’