ब्लीच जुन्या केसांच्या सीमेअलीकडेच थांबले पाहिजे

ब्लीच केलेल्या केसांच्या मुळाशी आलेल्या नव्या वाढीला घरी ब्लीच लावणाऱ्यांचे, म्हणजे मुळांचे टचअप करणाऱ्यांचे, सर्वाधिक नुकसान ज्या एका सल्ल्याने होते, त्याविषयी मला आधी बोलू द्या. ‘शेवटची पाच मिनिटे मिश्रण टोकांपर्यंत ओढून घ्या’ हा तो सल्ला. हेअर डायच्या बाबतीत त्याला काही अर्थ होता, कारण डाय केसात रंग भरतो आणि फिकटलेल्या टोकांचा रंग ताजा होतो. ब्लीच केसात काहीच भरत नाही. ते मेलानिन नष्ट करते आणि त्याच वेळी केराटिनला बळ देणारे डायसल्फाइड बंधही तोडते. एकदा ब्लीच झालेल्या भागात मेलानिन फारसे उरलेलेच नसते. म्हणून तिथे दुसऱ्यांदा लागलेले ब्लीच मुख्यतः केसाचे बळ खाते, आणि सच्छिद्र झालेला केस ते पटकन शोषतो.

एका तरुणीने हा सल्ला प्रत्येक टचअपला इमानाने पाळला होता. तिची ओली बट हलके ताणली तर लांबतच गेली, परत आखडली नाही, आणि बोटांना बुळबुळीत लागली. तिला वाटत होते की केस गळत आहेत. परंतु कंगव्यातल्या केसांना मुळाकडची पांढुरकी गाठ नव्हती, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच लांबीचे केस उभे राहिले होते. याचा अर्थ ते गळत नव्हते, मधूनच तुटत होते. हा फरक ओळखता आला पाहिजे, एवढ्यासाठीच मी इतका वेळ घेतला.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून कृती भरभर सांगतो. नवी वाढ दीड-दोन सेंटिमीटर असतानाच टचअप करावे. ती याहून लांबली, तर टाळूच्या उबेपासून दूरचा भाग मागे पडतो आणि केसांवर गडद पट्टा उमटतो. अॅलर्जीची चाचणी ४८ तास आधी करावी, आणि टाळूवर जखम असेल तर ब्लीच लावूच नये. जुन्या लांबीवर कंडिशनर चोपडावा. ब्लीच पावडरीत मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण, म्हणजे डेव्हलपर, ६ टक्क्यांचा पुरे. पाकिटावरील प्रमाण पाळून मिश्रण ओघळणार नाही इतके दाट ठेवावे. अर्ध्या सेंटिमीटरचे पातळ भांग पाडत मागून सुरुवात करावी. कपाळाकडचे केस नाजूक असल्याने ते शेवटी घ्यावेत. ब्लीच फुगून पसरते, म्हणून ब्रश सीमारेषेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबवावा. अधूनमधून एखादी बट ओल्या कापडाने पुसून पाहावी, आणि पाकिटावरील कमाल वेळ कधीही ओलांडू नये. धुताना ब्लीच लांबीवरून ओघळतेच. त्यामुळे आरंभी न चोळता भरपूर कोमट पाण्याने ते झटपट वाहून जाऊ द्यावे. मुळे व लांबी यांच्या छटेत उरलेला किरकोळ फरक टोनरने, म्हणजे हलकी छटा देणाऱ्या रंगाने, मिटवावा. त्यासाठी पुन्हा ब्लीच लावू नये.