राजीनामा पदाचा असतो, नात्याचा नाही

दोन भाऊ आणि बहीण मिळून एक कारखाना चालवतात, असं समजा. धाकटा भाऊ उत्पादन सांभाळतो. एका रात्री जेवताना वाद होतो आणि तो म्हणतो, "उद्यापासून मी येणार नाही, माझं काय ते देऊन टाका." माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांची सुरुवात अशीच होते. त्या वाक्यातल्या 'माझं काय ते'मध्ये नेमकं काय काय आहे, हे त्या क्षणी बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाऱ्यालाही.

रेनाटो टाग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी हार्वर्डमध्ये 1978 साली तीन एकमेकांत गुंतलेली वर्तुळं मांडली होती: कुटुंब, मालकी आणि धंदा. आपला धाकटा भाऊ या तिन्हींत उभा आहे. राजीनाम्यानं तो फक्त धंद्याच्या वर्तुळातून बाहेर पडतो. त्याचा 30 टक्के हिस्सा तसाच राहतो. फर्मला त्यानं दिलेलं 20 लाखांचं कर्ज तसंच राहतं. बँकेच्या कर्जाला दिलेला वैयक्तिक जामीनही तसाच राहतो.

म्हणून राजीनामापत्र चार ओळींचं असावं. पद, शेवटचा दिवस, काम कोणाकडे सोपवणार, आणि एक वाक्य: या राजीनाम्यानं माझ्या हिश्श्याला व मला येणं असलेल्या रकमेला बाध येत नाही. तक्रारी त्यात लिहू नका. त्या खऱ्या असतील, पण तो कागद फाइलमध्ये राहतो आणि पुढं पुतणे-भाचे तो वाचतात.

आता हिश्श्याची किंमत. नाती इथंच तुटतात. थोरला म्हणतो, पुस्तकांप्रमाणे फर्म 2 कोटींची आहे, म्हणजे तुझे 60 लाख. धाकटा म्हणतो, 4 कोटींची आहे, म्हणजे माझे 1 कोटी 20 लाख. दोघांनाही समोरचा लबाड वाटतो, पण कोणीच खोटं बोलत नसतं. पुस्तकांत जागा जुन्या खरेदीच्या भावानं असते, यंत्रं घसारा वजा करून असतात आणि इतक्या वर्षांत जमलेल्या गिऱ्हाइकांचा विश्वास तर कुठेच लिहिलेला नसतो. उलट धाकट्याच्या आकड्यात उद्याच्या आशा मिसळलेल्या असतात.

आकड्यावर बोलणं थांबवा आणि आधी पद्धत ठरवा, असं मी अशा वेळी सांगतो. मूल्यांकनकर्ता दोघांनी मिळून निवडावा. किंमत कोणत्या तारखेची, तेही आधीच लिहावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हिस्सा अल्पमतातला म्हणून किमतीत कपात करायची की नाही, याचा निर्णय आकडा येण्याआधी व्हावा. परका माणूस असा हिस्सा घेताना भाव पाडतो, कारण त्याच्या हाती सत्ता येत नाही. घरातल्या घरात खरेदी होत असेल तर ती कपात न करणंच मला न्याय्य वाटतं. आकडा आल्यावर हा प्रश्न निघाला, तर प्रत्येक जण आपल्या फायद्याचंच उत्तर देणार.

समजा किंमत 3 कोटी ठरली. धाकट्याचं कर्ज धरून सगळी देणी वजा केल्यानंतरची. त्याचे 90 लाख झाले. कर्जाचे 20 लाख वेगळे. ते हिश्श्यात मिसळू नका. फर्मकडे बँकेचे हप्ते भागवून वर्षाला 40 लाख उरतात, म्हणजे एकरकमी मागणी फर्मला बुडवेल. मग 18 लाख सुरुवातीला, आणि उरलेले 72 लाख दर तिमाहीला साडेचार लाखांप्रमाणे चार वर्षांत, व्याजासह. 20 लाखांच्या परतफेडीची तारीखही त्याच करारात यावी. पैसे जसे मिळतील तसा हिस्सा हस्तांतरित व्हावा. 'सर्व येणी मिळाली' हे शेवटच्या हप्त्यानंतरच लिहून द्यावं. आणखी एक कलम मी नेहमी घालायला लावतो: तीन वर्षांच्या आत फर्म जास्त भावानं विकली गेली, तर फरकातला वाटा धाकट्याला मिळेल. फसवले गेल्याची भावना त्यानं बरीच निवते.

जामीन मात्र हमखास विसरला जातो. भावंडांनी आपसात काहीही लिहिलं तरी बँक त्याला बांधील नसते. बँकेनं लेखी मुक्त केलं नाही, तर चार वर्षांनीही वसुलीची नोटीस धाकट्याच्याच दारात येईल. बँक लगेच तयार नसेल, तर तोवर होणारं नुकसान थोरला भरून देईल अशी लेखी हमी घ्यावी. पहिला हप्ता स्वीकारण्याआधी हे झालेलं बरं, कारण नंतर घाई कोणालाच नसते.

बोलणी कोण करणार, हेही ठरवा. आईला निरोप्या करू नका. दोन्ही बाजू ऐकून तिला प्रत्येकाचा राग स्वतःकडे घ्यावा लागतो. बैठका घराबाहेर, ठरलेल्या वेळी व्हाव्यात आणि त्यात जावा-नणंदांना साक्षीला बसवू नये.

आत्ताच कोणीतरी विचारलं, काम सोडून हिस्सा ठेवायचा असेल तर? तर नफा किती वाटायचा याचा नियम आणि दर तिमाहीला हिशेब पाहण्याचा हक्क, या दोन गोष्टी लिहून घ्या. पगार थांबलेल्या भागीदाराला नफा वाटलाच गेला नाही, तर त्याचा हिस्सा फक्त कागदावर उरतो आणि दोन वर्षांनी तेच भांडण पुन्हा जेवणाच्या टेबलावर येतं.